निओस्टिग्मिन कधी द्यायचं, किती द्यायचं आणि कधी हात आखडायचा

शस्त्रक्रिया संपत आली की निओस्टिग्मिन आणि ग्लायकोपायरोलेट एका सिरिंजमध्ये भरायचं, शेवटच्या टाक्याला ते द्यायचं, रुग्णाने दोन-चार श्वास बरे घेतले की नळी काढायची. बऱ्याच ठिकाणी ही सवय इतकी मुरलेली असते की स्नायू त्या वेळी नेमके किती शिथिल आहेत हे कुणी पाहतच नाही. मग रिकव्हरीत रुग्णाचा जबडा सैल पडतो, गिळता येत नाही, ऑक्सिजन खाली येतो आणि दोष भुलीच्या वायूला किंवा वेदनाशामकाला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं. औषध चुकीच्या वेळी दिलेलं असतं आणि दिल्यावर पुरेशी वाट पाहिलेली नसते.

हा लेख भूलशास्त्र शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी आणि ऑपरेशन थिएटर व रिकव्हरीत काम करणाऱ्यांसाठी आहे. डोस प्रौढांचे आहेत. मायस्थेनियाच्या रुग्णाने यातलं काही वाचून स्वतःच्या गोळ्यांत बदल करू नये.

## १. आधी पाहा: कोणतं रिलॅक्संट दिलं होतं?

निओस्टिग्मिन काय करतं हे लक्षात असेल तर पुढच्या निम्म्या चुका टळतात. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन बाहेर पडतं, स्नायूवरच्या रिसेप्टरला बसतं, आणि कोलिनेस्टरेज हे एन्झाइम क्षणात त्याचे तुकडे करतं. निओस्टिग्मिन या एन्झाइमला तात्पुरतं अडकवून ठेवतं. त्यामुळे ॲसिटिलकोलिन साचतं आणि रिसेप्टरवरच्या जागेसाठी रिलॅक्संटशी झगडू शकतं. रिलॅक्संट शरीरातून काढून टाकण्याचं काम निओस्टिग्मिन करत नाही, ते फक्त स्पर्धेचं पारडं झुकवतं. रिलॅक्संट स्वतःच्या वाटेने कमी होत राहिलं पाहिजे, हे गृहीतच आहे.

म्हणून पहिला प्रश्न असा, की रिलॅक्संट स्पर्धा करणारं आहे का?

डिपोलरायझिंग गट. यात रोजच्या वापरातलं एकच औषध आहे, सक्सिनिलकोलिन, म्हणजेच स्कोलिन. ते ॲसिटिलकोलिनसारखंच रिसेप्टरला चेतवतं आणि तिथेच रेंगाळतं, म्हणून स्नायू आधी थरथरतो आणि मग सैल पडतो. इथे अधिक ॲसिटिलकोलिन साचवून काहीच मिळत नाही. उलट निओस्टिग्मिन रक्तातलं प्लाझ्मा कोलिनेस्टरेजही रोखतं, आणि सक्सिनिलकोलिन मोडतं ते याच एन्झाइममुळे. म्हणजे सुटका लांबते. सक्सिनिलकोलिननंतर रुग्ण सुटत नसेल तर उत्तर एकच: भूल चालू ठेवा, श्वास देत राहा, वाट पाहा.

नॉनडिपोलरायझिंग गट. ही औषधं रिसेप्टरला चेतवत नाहीत, फक्त जागा अडवतात. निओस्टिग्मिन यांच्यासाठीच आहे. यांची दोन घराणी आहेत आणि रिव्हर्सल निवडताना तो फरक कामाला येतो. व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम आणि पॅनक्युरोनियम ही स्टिरॉइड सांगाड्याची. पहिल्या दोघांसाठी सुगामाडेक्स हा दुसरा मार्ग आहे, कारण ते त्या रेणूलाच आपल्या पोकळीत कोंडून टाकतं. ॲट्राक्युरियम, सिसॲट्राक्युरियम आणि मिव्हाक्युरियम ही बेंझिलआयसोक्विनोलिन घराण्यातली. यांच्यावर सुगामाडेक्सचा काडीचाही परिणाम होत नाही. मिव्हाक्युरियमही प्लाझ्मा कोलिनेस्टरेजनेच मोडतं, त्यामुळे तिथे निओस्टिग्मिन एका हाताने देतं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतं.

> तपासा: सिरिंजवरची चिठ्ठी आणि भूल-नोंदीतली वेळ, दोन्ही पाहा. शेवटचा डोस कोणता, किती आणि कधी हे तीन शब्दांत सांगता आलं नाही तर पुढे जाऊ नका.

## २. मॉनिटर रिलॅक्संटच्या आधी लावा

नर्व्ह स्टिम्युलेटर शस्त्रक्रियेच्या शेवटी शोधायला निघणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. तोवर हात चादरीखाली गेलेला असतो, थंड पडलेला असतो, आणि आलेला आकडा कशाशी ताडून पाहायचा हे ठाऊक नसतं.

रुग्ण झोपल्यावर पण रिलॅक्संट देण्याआधी मनगटावर अल्नार नर्व्हच्या रेषेत दोन इलेक्ट्रोड लावा. काळा, म्हणजे ऋण इलेक्ट्रोड हाताच्या पंजाकडे, मनगटाच्या घडीपासून एक-दोन सेंटिमीटर वर. लाल त्याच्यावर तीन-चार सेंटिमीटरवर. त्वचा पुसून कोरडी करा. प्रतिसाद पाहायचा तो अंगठा आत ओढणाऱ्या स्नायूचा. नुसती बोटं हलली म्हणून समाधान मानू नका, कारण इलेक्ट्रोडखालचा स्नायू थेट विजेनेही हलतो.

ट्रेन ऑफ फोर, म्हणजे टीओएफ, ही अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने दिलेल्या चार झटक्यांची माळ. रिलॅक्संट नसेल तेव्हा चारही झटके सारखे येतात. नॉनडिपोलरायझिंग औषध असेल तर दुसरा पहिल्यापेक्षा क्षीण, तिसरा त्याहून क्षीण, आणि ब्लॉक खोल झाला की चौथा, तिसरा, दुसरा असे मागून एकेक गळत जातात. किती झटके दिसतात तो टीओएफ काउंट. चारही दिसत असतील तेव्हा चौथ्याची ताकद भागिले पहिल्याची ताकद, तो टीओएफ रेशो.

काउंट डोळ्याने किंवा बोटाने कळतो, रेशो कळत नाही. इथे अनुभवी माणूसही फसतो: रेशो ०.४ च्या वर गेला की अंगठ्यावर हात ठेवून चारही झटके सारखेच वाटतात. नळी सुरक्षितपणे काढायला मात्र ०.९ लागतो. म्हणजे ०.४ ते ०.९ हा सगळा पट्टा हाताला अदृश्य आहे, आणि रिकव्हरीत त्रास होणारे रुग्ण याच पट्ट्यात असतात. रेशो मोजून दाखवणारं मॉनिटर म्हणूनच हवं. त्वरणमापी मॉनिटर असेल तर त्याचा रिलॅक्संटपूर्वीचा रेशो अनेकदा १ च्या वर येतो, १.१ वगैरे. तो लिहून ठेवा, कारण मग शेवटी ०.९ दिसणं म्हणजे प्रत्यक्षात ०.८ च्या आसपासच असणं.

> सावधान: हात रुग्णाच्या बाजूला बांधलेला आहे म्हणून इलेक्ट्रोड भुवईवर लावले, तर आकडा फसवा येतो. भुवईचा स्नायू अंगठ्याच्या आधी सुटतो. तिथे चार झटके दिसले तरी अंगठ्यावर कदाचित दोनच असतील. रिव्हर्सलचा निर्णय घेण्याआधी हात मोकळा करून अंगठ्यावर मोजा.

## ३. आकडा वाचा, आणि गरज असेल तर काही देऊ नका

निओस्टिग्मिनच्या परिणामाला छत आहे. एन्झाइम जवळजवळ सगळं अडकलं की आणखी औषध टोचून आणखी ॲसिटिलकोलिन मिळत नाही. ब्लॉक खोल असेल, म्हणजे रिसेप्टर जवळपास सगळे व्यापलेले असतील, तर जास्तीत जास्त साचलेलं ॲसिटिलकोलिनही ती लढाई हरतं. खोल ब्लॉकला दुप्पट डोस हा उपाय नाही, याचं कारण हे छत.

निर्णय असा घ्या:

- काउंट ० किंवा १: निओस्टिग्मिन देऊ नका. भूल चालू ठेवा. रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम असेल आणि सुगामाडेक्स हाताशी असेल तर तो पर्याय इथे खरा उपयोगाचा.
- काउंट २ किंवा ३: देता येतं, पण सुटका बेभरवशाची. कुणी पंधरा-वीस मिनिटांत सुटतं, कुणाला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि वायूची भूल चालू असेल तर आणखी. थांबणं जास्त शहाणपणाचं.
- काउंट ४, पण झटके स्पष्ट क्षीण होत जाणारे: ०.०४ ते ०.०५ मिलिग्रॅम प्रति किलो.
- रेशो ०.४ च्या वर: ०.०२ ते ०.०३ मिलिग्रॅम प्रति किलो पुरतं. निओस्टिग्मिनची खरी जागा ही आहे. अमेरिकन सोसायटी ऑफ ॲनेस्थेसिऑलॉजिस्ट्सच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनाही त्याला याच पट्ट्यात, ०.४ ते ०.९ च्या दरम्यान, सुगामाडेक्सचा रास्त पर्याय मानतात. त्याहून खोल ब्लॉकला रोक्युरोनियम-व्हेक्युरोनियमसाठी सुगामाडेक्स सुचवतात.
- रेशो मोजून ०.९ किंवा अधिक: काहीही देऊ नका. मोकळ्या रिसेप्टरांवर ॲसिटिलकोलिनचा पूर आणला तर मोठ्या डोसला घशाचे स्नायूच दुबळे पडू शकतात. शिवाय नाडी मंदावणं, लाळ, मळमळ हे दुष्परिणाम विनाकारण पदरात पडतात.

मॉनिटर नसलेल्या ठिकाणी 'शेवटचा डोस देऊन अर्धा तास झाला' या हिशोबावर लोक विसंबतात. तोच डोस एका रुग्णाला पंचवीस मिनिटं धरतो आणि दुसऱ्याला पन्नास. थंड पडलेलं शरीर, मॅग्नेशियम, अमिनोग्लायकोसाइड प्रतिजैविकं, रक्तातली आम्लता हे सगळे ब्लॉक लांबवतात. किमान साधा स्टिम्युलेटर तरी प्रत्येक टेबलाशी असावा.

## ४. हिशोब आणि सिरिंज

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. साठ किलोचा रुग्ण, लॅपरोस्कोपीने पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया. नळी घालताना ॲट्राक्युरियम ०.५ मिलिग्रॅम प्रति किलोप्रमाणे ३० मिलिग्रॅम, पुढे १० मिलिग्रॅमचे दोन डोस. शेवटचा डोस देऊन पंधरा मिनिटं झाली आहेत आणि शल्यविशारद टाके घालायला लागले आहेत. अंगठ्यावर काउंट २.

इथे सिरिंज उचलायचा मोह होतो, कारण टाके दहा मिनिटांत संपणार. उचलू नका. ॲट्राक्युरियम शरीराच्या तापमानाला आपोआप मोडतं, त्याला थोडा वेळ दिला की काम सोपं होतं. भूल चालू ठेवून बारा मिनिटांनी पुन्हा पाहिलं: काउंट ४, रेशो ०.२५. आता.

निओस्टिग्मिन ०.०५ गुणिले ६०, म्हणजे ३ मिलिग्रॅम. कमाल मर्यादा ०.०७ मिलिग्रॅम प्रति किलो किंवा एकूण ५ मिलिग्रॅम, यांतलं जे कमी ते.

ग्लायकोपायरोलेट निओस्टिग्मिनच्या दर मिलिग्रॅममागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ मिलिग्रॅम. हे का लागतं? ॲसिटिलकोलिन फक्त स्नायूशी साचत नाही. हृदयाशी साचलं की नाडी मंदावते, श्वासनलिकेत आकुंचन आणि स्राव, आतड्यात मुरडा. स्नायूवरचे रिसेप्टर निकोटिनिक आहेत आणि हे बाकीचे मस्करिनिक. ग्लायकोपायरोलेट फक्त मस्करिनिक बाजू झाकतं, म्हणून स्नायूचा फायदा तसाच राहतो.

ग्लायकोपायरोलेट नसेल तर ॲट्रोपिन ०.०२ मिलिग्रॅम प्रति किलो, या रुग्णाला १.२ मिलिग्रॅम. ॲट्रोपिन निओस्टिग्मिनपेक्षा लवकर चढतं, त्यामुळे आधी नाडी धावते. हृदयाच्या धमन्या अरुंद असलेल्या रुग्णाला हे परवडत नाही. शिवाय ते मेंदूत शिरतं आणि वयस्कर माणूस गोंधळलेला उठू शकतो. ग्लायकोपायरोलेटचा वेग निओस्टिग्मिनशी जुळतो, म्हणून जोडी त्यांची.

> सावधान, इथेच जीवघेणी चूक होते: निओस्टिग्मिनच्या ॲम्प्यूल एकाच ताकदीच्या नसतात. ०.५, १ आणि २.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अशा तिन्ही असतात. ०.५ च्या ॲम्प्यूलमधून आपल्या रुग्णाला ६ मिलिलिटर लागतात. सवयीने तेच ६ मिलिलिटर २.५ च्या ॲम्प्यूलमधून भरले तर १५ मिलिग्रॅम जातात, मर्यादेच्या तिपटीहून जास्त. डोस मिलिलिटरमध्ये कधी सांगू नका, मिलिग्रॅममध्ये सांगा, आणि ॲम्प्यूल मोठ्याने वाचा.

ग्लायकोपायरोलेट ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर ३ मिलिलिटर. दोन्ही एकाच सिरिंजमध्ये, एकूण ९ मिलिलिटर. दोन वेगळ्या सिरिंज ठेवल्या तर कधीतरी निओस्टिग्मिन एकटंच जातं.

## ५. द्या, वेळ लिहा, थांबा

ईसीजी डोळ्यांसमोर ठेवून एक-दोन मिनिटांत सावकाश द्या. दिल्याची वेळ मिनिटासह लिहा. ही नोंद औपचारिकता नाही. पुढची दहा मिनिटं मोजायची आहेत ती इथून.

देण्याआधी दोन गोष्टी पुन्हा मनात आणा. आतडं किंवा मूत्रमार्ग कशाने तरी खरोखर अडलेला असेल तर निओस्टिग्मिन वर्ज्य. दम्याचा रुग्ण शिट्टी वाजत असताना किंवा नाडी आधीच पन्नासच्या आत असताना घाई करू नका. हृदय प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात ग्लायकोपायरोलेट दिलेलं असूनही हृदय थांबल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

परिणाम एक-दोन मिनिटांत सुरू होतो, पण शिखर यायला सात ते अकरा मिनिटं लागतात. आपल्या रुग्णाचा रेशो पाचव्या मिनिटाला ०.६ आला. रुग्ण हलतोय, श्वास बरा घेतोय, नळीवर खोकतोय. खोली आवरायची घाई सुरू झालेली असते. नळी काढायची ती वेळ ही नव्हे. दहाव्या मिनिटाला ०.८५, तेराव्याला ०.९४.

रुग्ण बरा श्वास घेत होता तरी का थांबायचं? पोट आणि छाती यांमधला श्वासपटल हा रिलॅक्संटला सगळ्यात दाद न देणाऱ्या स्नायूंपैकी. तो सुटला म्हणून घसा सुटला असं होत नाही. घशाचे आणि गिळण्याचे स्नायू ०.९ च्या खाली नीट चालत नाहीत, आणि नळी निघाल्यावर श्वासमार्ग उघडा ठेवायचा असतो तो त्यांनीच. पाच सेकंद डोकं उचलून धरणं, हात घट्ट दाबणं या चाचण्या ०.६ च्या आसपासही कित्येकांना जमतात. जमल्या नाहीत तर नळी ठेवा. जमल्या तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

> तपासा: झोपेचं औषध किंवा वायू रिव्हर्सल देण्याआधी बंद करू नका. स्नायू सैल असताना शुद्धीवर येणं हा रुग्णासाठी भयंकर अनुभव असतो. आधी रेशो वर येऊ द्या, मग जागं करा.

## ६. दहा-पंधरा मिनिटांनीही ०.९ आलं नाही तर

पहिलं उत्तर दुसरा डोस हे नसावं. आधी पूर्ण डोस दिला होता का पाहा. दिला असेल तर छत गाठलेलं आहे आणि आणखी निओस्टिग्मिनने फक्त दुष्परिणाम वाढतील. ०.०३ दिला असेल आणि ब्लॉक अंदाजापेक्षा खोल निघाला असेल तर उरलेला भाग, मर्यादेच्या आत, ग्लायकोपायरोलेटच्या जोडीने देता येतो.

मग कारण शोधा, याच क्रमाने. हात थंड आहे किंवा इलेक्ट्रोड सुटला आहे का? रुग्णाचं तापमान किती? कार्बन डायऑक्साइड साचलाय का? शस्त्रक्रियेत मॅग्नेशियम किंवा जेंटामायसिन गेलं का? पोटॅशियम कमी आहे का? सक्सिनिलकोलिन वापरलं होतं का? यातलं जे सापडेल ते दुरुस्त करा आणि तोवर रुग्ण झोपलेला, व्हेंटिलेटरवर. अर्धा तास जास्त व्हेंटिलेटरवर राहिल्याने बिघडत नाही. अर्धवट सुटलेल्या रुग्णाची नळी रिकव्हरीत परत घालावी लागली तर बिघडतं. रिलॅक्संट रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम असेल तर या टप्प्यावरही सुगामाडेक्स देता येतं.

मूत्रपिंड निकामी असलेल्यांत निओस्टिग्मिनही जास्त वेळ टिकतं, कारण त्याचा जवळपास अर्धा भाग मूत्रपिंडातून जातो. रिव्हर्सल उतरून ब्लॉक परतण्याची भीती त्यामुळे सहसा कमीच असते; पण मंद नाडी मात्र उशिरा उगवू शकते, म्हणून नाडीवर लक्ष जास्त वेळ ठेवा.

## ७. मायस्थेनियाचा रुग्ण: तेच औषध, उलटा हिशोब

मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये बहुतेक रुग्णांत ॲसिटिलकोलिन रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडं असतात. रिसेप्टरच कमी असल्याने साधं ॲसिटिलकोलिन पुरत नाही. रोजच्या उपचारात निओस्टिग्मिनचा चुलतभाऊ पायरिडोस्टिग्मिन गोळीने देतात, ६० मिलिग्रॅम दर चार ते सहा तासांनी. पाऊण तासाच्या आत परिणाम सुरू होतो आणि तीन ते सहा तास टिकतो. म्हणजे हा रुग्ण टेबलावर येतो तेव्हा त्याचं एन्झाइम आधीच काही अंशी अडकलेलं असतं. वरच्या सहाही टप्प्यांचा हिशोब यामुळे बदलतो.

पंचावन्न किलोची रुग्ण, थायमस ग्रंथी काढायची शस्त्रक्रिया, पायरिडोस्टिग्मिन ६० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा.

आदल्या दिवशी. गोळी चालू ठेवायची की सकाळची वगळायची हे चेतातज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात. गिळायला किंवा श्वासाला त्रास असलेल्या रुग्णाची गोळी सहसा चालूच ठेवतात. जे ठरेल ते केस पेपरवर स्पष्ट लिहा. 'उपाशी' लिहिलेल्या कागदावर सगळ्याच गोळ्या नकळत बंद होतात.

रिलॅक्संट. शक्य असेल तर मुळीच नको. वायूची भूल आणि रेमिफेंटॅनिल यांवर अनेकदा नळी घालता येते. लागलंच तर नॉनडिपोलरायझिंग औषध नेहमीच्या निम्म्या किंवा त्याहून कमी डोसाने, मोजत मोजत. रिसेप्टर कमी असल्याने थोडंही पुष्कळ होतं. या रुग्णाला रोक्युरोनियम ०.३ मिलिग्रॅम प्रति किलो, साधारण १५ मिलिग्रॅम. सक्सिनिलकोलिनची गोष्ट उलट: चेतवायला रिसेप्टर कमी, म्हणून नेहमीचा डोस अपुरा पडतो, आणि पायरिडोस्टिग्मिनमुळे मोडणारं एन्झाइम रोखलेलं, म्हणून दिलेला डोस लांबतो.

मूळ आकडा. रिलॅक्संट देण्याआधीच तिचा रेशो ०.८२ आला. मायस्थेनियात असं होऊ शकतं. हा आकडा आधी घेतला नसता तर शेवटी ०.८२ पाहून कुणीतरी निओस्टिग्मिन भरलं असतं. तिच्यासाठी लक्ष्य आहे तिचं स्वतःचं ०.८२, शिवाय नीट खोकला आणि पुरेसा श्वास.

रिव्हर्सल. निओस्टिग्मिन इथे टाळायचं. ज्या एन्झाइमला अडकवायचं ते आधीच अडकलेलं, म्हणून फायदा थोडा; आणि ॲसिटिलकोलिनचा अतिरेक झाला तर स्नायू आणखी दुबळे. रोक्युरोनियम वापरल्याचा फायदा इथे मिळतो: काउंट २ आल्यावर सुगामाडेक्स २ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे ११० मिलिग्रॅम. सुगामाडेक्स नसेल हे आधी ठाऊक असेल तर सुरुवातीलाच ॲट्राक्युरियम किंवा सिसॲट्राक्युरियम निवडा आणि ते आपोआप उतरू द्या, लागेल तेवढा वेळ व्हेंटिलेटर द्या.

> सावधान: गोळीचे मिलिग्रॅम आणि शिरेतले मिलिग्रॅम एक नव्हेत. पायरिडोस्टिग्मिन ६० मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे निओस्टिग्मिन तोंडाने १५ मिलिग्रॅम, पण शिरेतून फक्त ०.५ मिलिग्रॅम. पायरिडोस्टिग्मिन शिरेतून द्यायचं झालं तर सुमारे २ मिलिग्रॅम. तोंडाने घेतलेलं औषध फार थोडं रक्तात पोचतं, म्हणून हा तीसपट फरक. शस्त्रक्रियेनंतर पोटात नळी असेल तर गोळी कुटून तिच्यातून देणं हा बहुधा साधा आणि सुरक्षित मार्ग. दीर्घ परिणामी गोळी मात्र कुटायची नाही.

नंतर अशक्तपणा वाढला तर. औषध कमी पडतंय की जास्त झालंय? रिकव्हरीत आणि वॉर्डात ही चूक सगळ्यात महाग पडते, कारण दोन्हींत रुग्ण दुबळा आणि श्वास उथळ असतो. जास्त झालं असेल तर सोबत बारीक बाहुल्या, घाम, लाळ, डोळ्यांत पाणी, मुरडा, जुलाब, मंद नाडी आणि स्नायूंची बारीक थरथर दिसते. कमी पडत असेल तर यातलं बहुतेक नसतं, आणि ताप, संसर्ग किंवा चुकलेला डोस सापडतो. मात्र रुग्णाला आत्ताच ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिन मिळालं असेल तर लाळ-घामाची सगळी खूण पुसली जाते. स्नायूंची थरथर तेवढी शिल्लक राहते, कारण ती निकोटिनिक बाजूची. मस्क नावाच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं असलेले रुग्ण या औषधांना कमी दाद देतात आणि थोड्या डोसातही थरथरू लागतात, म्हणून प्रतिपिंडांचा प्रकार आधीच विचारून ठेवा.

खात्री होत नसेल तर परीक्षा म्हणून आणखी एक डोस देऊन पाहू नका. श्वास आधी ताब्यात घ्या, गरज पडली तर नळी घाला, पायरिडोस्टिग्मिन थांबवा, स्राव आणि मंद नाडीसाठी ॲट्रोपिन द्या. त्याने स्नायूंची ताकद येणार नाही हे लक्षात ठेवून. व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णाला त्या घडीला या गोळीची निकड नसते. ताकद परतू लागली की चेतातज्ज्ञांशी बोलून कमी डोसाने, गिळता येतंय हे तपासून, ती पुन्हा सुरू करतात.